माणूस पुढे, भिंत मागे

फोटोतल्या माणसाकडे लक्ष जावं म्हणून बहुतेक जण एकच उपाय करतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये व्हिनेटची पट्टी असते. ती सरकवली की चारही कोपरे काळवंडतात आणि मधे उजेडाचा लंबगोल उरतो. क्षणभर बरं वाटतं. पण तोच फोटो दुसऱ्या कुणाला दाखवला की त्याला आधी कोपरे दिसतात आणि मग माणूस. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तो राहतो बाजूला, आणि केलेली कारागिरीच पुढे येऊन उभी राहते.

याचं कारण सरळ आहे. व्हिनेटला फक्त चौकट कळते. फोटोत कोण बसलंय, उजेड कुठून येतोय, भिंत किती लांब आहे, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. ते चौकटीच्या मध्यापासून अंतर मोजतं आणि कडेला जाईल तसतसं काळं करत जातं. प्रत्यक्षातला उजेड असा कधीच पडत नाही. तो एका बाजूने येतो, लांब जाईल तसा मंदावतो आणि आडोशाला अडतो. आपण जन्मापासून हाच उजेड पाहत आलोय, त्यामुळे चारही कोपरे सारखेच काळे दिसले की काहीतरी चुकतंय हे कारण सांगता आलं नाही तरी जाणवतं.

म्हणून बॅकग्राउंड थोडं गडद आणि थोडं मऊ करायचं असेल तर ते चौकटीच्या नव्हे, उजेडाच्या हिशोबाने करावं लागतं. ते कसं, हे एका फोटोवरूनच पाहू.

समजा घरात आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि हॉलमध्ये लावायला त्यांचा एक चांगला फोटो हवाय. नातवाने मोबाइलवर काढलेला एक फोटो सगळ्यांना आवडलाय. आजी माजघरात हातांच्या लाकडी खुर्चीत बसल्या आहेत. डावीकडे अंगणाचं दार उघडं आहे, त्यातून येणारा मऊ उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडलाय आणि भाव अगदी त्यांचाच आहे. अडचण मागे आहे. जेमतेम मीटरभर अंतरावर पांढरी भिंत, तिच्यावर उजवीकडे कालनिर्णय, त्याखाली फळीवर चकाकणारा स्टीलचा डबा. डाव्या कडेला दारातून दिसणाऱ्या उन्हाची एक उभी पांढरीफटक पट्टी. आजींचे केस पांढरे, भिंतही पांढरी, त्यामुळे डोक्याची कडच नीट कळत नाही.

आधी फाइलबद्दल एक सूचना. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत या कामाला घेऊ नये. ती आकसलेली असते आणि तिच्यातले उजेडाचे बारीक टप्पे गेलेले असतात. भिंतीसारखी सपाट जागा गडद करायला गेलं की त्यावर पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

आता लगेच सगळी भिंत गडद करायची नाही. आधी आजींशी स्पर्धा कोण करतंय ते शोधायचं. फोटोत नजर सगळ्यात आधी चेहऱ्यांकडे जाते हे खरं, पण त्याच्या जोडीला ती सगळ्यात उजळ जागा, काळ्या-पांढऱ्याची ठळक सीमा, भडक रंग आणि वाचता येणारी अक्षरं हेरते. आजींच्या फोटोत हे सगळं आहे. उन्हाची पट्टी सगळ्यात उजळ आहे, डब्यावरची चकाकी ठळक आहे, आणि कालनिर्णयावरचे लाल आकडे एकाच वेळी भडकही आहेत आणि वाचताही येतात. नुसत्या या तीन जागा आवरल्या तरी निम्मं काम होतं. पुष्कळदा त्यानंतर बाकी फारसं काही करावंच लागत नाही.

डबा आणि कॅलेंडर आवरणं सोपं आहे. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशचा मास्क घेऊन त्या दोन जागांवर फिरवायचा. मास्क म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरताच बदल लागू करण्याची सोय. त्यात Highlights उणे 40 आणि Saturation उणे 30 च्या आसपास नेलं की चकाकी बसते आणि लाल आकडे विटक्या लालवर येतात. कॅलेंडर काढून टाकायचं नाही. ते आजींच्या घराचा भाग आहे, ते तिथे असावं, फक्त त्याने हाक मारू नये.

उन्हाची पट्टी मात्र फसवी आहे. ती इतकी उजळ आहे की कॅमेऱ्याने तिथे काही टिपलेलंच नाही, ती कोरी पांढरी आहे. कॉम्प्युटरवरच्या लाइटरूममध्ये तिच्यावर कर्सर नेला तर हिस्टोग्रामखाली लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे शंभर दिसतात. अशी जागा गडद केली की त्यातून अंगण उगवत नाही, पांढऱ्याचा फक्त मळका राखाडी होतो. उन्हाचा तुकडा राखाडी झालेला पाहिला की कुणालाही कळतं की फोटोवर हात फिरवलाय. शिवाय उजेड तिथूनच येतोय. उगमच चेहऱ्यापेक्षा मंद दिसला तर सगळ्या फोटोचा तोल बिघडतो. व्हिनेट नेमकं हेच करतं, कारण ती पट्टी कडेला आहे. इथे दोनच मार्ग आहेत. आजींचा हात किंवा खुर्ची तुटत नसेल तर पट्टी कापून टाकायची, आणि तुटत असेल तर तिला हात न लावता तशीच पांढरी ठेवायची. आजींच्या फोटोत डावीकडे पुरेशी जागा मोकळी आहे, म्हणून ती कापलेली बरी.

आता भिंत. लाइटरूमच्या मास्किंगमध्ये Select Background असा पर्याय आहे, तो माणूस सोडून बाकी सगळं निवडतो. मोबाइलवर मास्किंगच्या काही सोयींना पैसे पडतात. ज्यांना ते नको असेल त्यांना कॉम्प्युटरवर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फोटोचा दुसरा थर करून तो कर्व्ह्जने गडद करायचा आणि लेअर मास्कने हवा तेवढाच दिसू द्यायचा. साधन कुठलंही असो, विचार तोच राहतो.

बॅकग्राउंड निवडून Exposure उणे 0.30 करायचं. हा आकडा स्टॉपमध्ये असतो. उणे 1 म्हणजे उजेड निम्मा, उणे 0.30 म्हणजे साधारण ऐंशी टक्के उरतो. बदल इतका लहान आहे की करताना काही झाल्यासारखंच वाटत नाही, आणि तसंच वाटायला हवं. आजींच्या उजेडातल्या गालावर साधारण 68 टक्के उजळपणा असेल आणि डोक्यामागच्या भिंतीवर 72, तर या एका पायरीने भिंत 65 च्या आसपास येते. आकडे जुजबी आहेत, पण क्रम बदलला हे महत्त्वाचं. आधी भिंत गालापेक्षा उजळ होती, आता गाल भिंतीपेक्षा उजळ आहे, आणि भिंत अजून पांढरीच वाटते.

यापुढचा गडदपणा सगळीकडे सारखा द्यायचा नाही. उजेड डावीकडून येतोय, म्हणजे तो उजवीकडे मंदावत जाणं स्वाभाविक आहे. म्हणून उजव्या कडेकडून आत येणारा Linear Gradient घ्यायचा, तो बॅकग्राउंडपुरताच राहावा म्हणून Intersect करून बॅकग्राउंडशी छेदायचा, आणि त्यात Exposure आणखी उणे 0.40 द्यायचं. ग्रेडियंट लांब हवा. उजव्या कडेला पूर्ण, आजींच्या खांद्यापर्यंत येता येता जवळजवळ शून्य. आता लांबची उजवी भिंत मुळापेक्षा 0.70 स्टॉपने मंद झाली, डोक्यामागची फक्त 0.30 ने, आणि डावीकडे दाराजवळ सगळ्यात जास्त उजेड राहिला. कॅलेंडर आणि डबाही याच ग्रेडियंटमध्ये येतात, म्हणून आधी त्यांना फार दाबायची गरज नव्हती.

हे पकडलं का जात नाही? आपली नजर उजेडातले तुटक बदल चटकन टिपते, पण लांबलचक, संथ बदल सोडून देते. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरीच मंदावली तरी आपण ती एकाच रंगाची भिंत म्हणून पाहतो आणि फरक उजेडाच्या खाती टाकतो. तोच फरक दोन बोटांच्या अंतरात झाला तर तिथे रेघ किंवा डाग दिसतो. संथ बदल उजेडाचा, तुटक बदल वस्तूचा, ही डोळ्यांची वाटणी या कामात आपल्या बाजूने वापरायची. डार्करूममध्ये काम करणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. प्रिंटचा एखादा भाग गडद करायचा तर ते एन्लार्जरखाली पुठ्ठा धरून बाकीचा भाग झाकत आणि हव्या त्या भागाला जास्त वेळ उजेड देत. तो पुठ्ठा ते सतत हलता ठेवत. स्थिर धरला तर त्याची कड कागदावर उमटे, हलता ठेवला की सीमा विरघळून जाई.

पण एक सीमा अशी आहे जिथे बदल तुटकच असणार, ती म्हणजे आजींची स्वतःची बाह्याकृती. साडीचा पदर, खांदा, खुर्चीचा हात इथे ते चालून जातं, कारण तिथे मुळातच कड आहे आणि ती आपला बदल झाकते. घोळ होतो तो केसांपाशी. मोकळे बारीक पांढरे केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते हे सॉफ्टवेअरला नेमकं कळत नाही. मास्क केसांवर चढला तर केसांच्या टोकांना काजळी लागल्यासारखी होते. मास्क अलीकडेच थांबला तर डोक्याभोवती उजळ भिंतीची एक बारीक पट्टी उरते, देवाच्या मूर्तीमागे असते तशी प्रभावळ. व्हिनेट टाळून ही प्रभावळ आणली तर काहीच साधलं नाही.

ती आली की नाही हे तपासायला फोटो शंभर टक्के मोठा करून डोक्याभोवती, कानांपाशी, चष्म्याच्या काडीपाशी आणि हात व कंबर यांच्यामधल्या फटीत सावकाश फिरावं. फट हमखास विसरली जाते. तिच्यातून दिसणारी भिंत गडद झालेली नसते आणि आजींच्या कुशीत एक पांढरा त्रिकोण चमकत राहतो. तो ब्रशने मास्कमध्ये घ्यायचा. केसांचा उपाय उलटा आहे. तिथे अचूक कड कोरण्याच्या मागे लागू नये. मोठ्या, अगदी मऊ ब्रशने, Feather 100 आणि Flow 20 च्या आसपास ठेवून, डोक्याभोवतीचा गडदपणा एक-दोन हातांत हलकेच वजा करायचा. ब्रश डोक्याएवढाच मोठा हवा. मग कडेपाशी जवळपास मूळची भिंत राहते आणि ती दूर जाताना संथपणे मंदावते. प्रभावळ तुटक असते म्हणून दिसते, हा बदल पसरट असतो म्हणून भिंतीवर उजेड पडलाय असाच वाटतो.

आता मऊपणा. इथे बहुतेकांचा हात थेट ब्लरकडे जातो आणि तिथेच फोटो खोटा होतो. साधा ब्लर आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळतो. त्यामुळे आजींच्या साडीचा रंग भिंतीत झिरपतो आणि त्यांच्याभोवती रंगीत धुकं उभं राहतं. दुसरी चूक जमिनीची. शहाबादी फरशी खुर्चीच्या पायांपासून भिंतीपर्यंत सलग गेलेली आहे. खुर्चीचे पाय ठसठशीत आणि त्यांना टेकलेली फरशी धूसर, असं कुठलीच लेन्स करत नाही. जे माणसाइतक्याच अंतरावर आहे ते माणसाइतकंच स्पष्ट असतं आणि मागे जाईल तसं विरतं. मोबाइलचा पोर्ट्रेट मोडही याच दोन ठिकाणी सगळ्यात जास्त चुकतो.

मीटरभर मागे असलेल्या भिंतीसाठी ब्लर लागतच नाही. बॅकग्राउंडच्या मास्कमध्ये Texture उणे 30 आणि Clarity उणे 15 पुरतं. Texture कमी केलं की चुन्याचे पोपडे, बारीक चरे, धूळ असं तपशिलाचं खडबडीतपण निवतं. Clarity कमी केलं की मधल्या छटांमधला ताण उतरतो. कॅलेंडरचे आकडे तरीही टोचत असतील तर तेवढ्यापुरतं Sharpness उणे 60 करावं. लाइटरूममध्ये हा आकडा उणे 50 च्या खाली गेला की धार कमी होण्याच्या पुढे जाऊन खरोखरचं पुसटपण येऊ लागतं. Clarity मात्र उणे 30 च्या पलीकडे गेली तर भिंतीला दुधी चमक येते. लग्नाच्या जुन्या अल्बममधल्या धुकट फोटोंची आठवण होऊ लागली की समजावं, परत यायला हवं. फरशीसाठी खालून वर येणारा एक ग्रेडियंट घेऊन तिथला मऊपणा मास्कमधून वजा करायचा, म्हणजे खुर्चीच्या पायांपाशी फरशी मूळची राहते आणि भिंतीकडे जाता जाता मऊ होते.

शेवटी सगळ्या फोटोवर अगदी थोडं ग्रेन टाकावं. मऊ केलेली भिंत गुळगुळीत झालेली असते आणि आजींच्या चेहऱ्यावर, पदरावर मात्र कॅमेऱ्याचा मूळचा कण असतो. दोन्हींचा पोत वेगळा दिसला की आजी कापून चिकटवल्यासारख्या वाटतात. Grain 10 ते 15 एवढं दिलं की दोन्ही एका कागदावर येतात, आणि भिंतीवर पट्टे उमटायची शक्यताही कमी होते.

हीच कृती आजींच्या काळ्याभोर केसांच्या नातीच्या फोटोवर जशीच्या तशी केली तर फसते. काळे केस गडद भिंतीत मिसळतात, डोक्याचा आकार हरवतो आणि चेहरा अंधारात तरंगतो. सावळ्या चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूचंही तेच होतं. गडद बॅकग्राउंड हे साधन आहे, खरं काम असतं कडेपाशी दोन वेगळ्या छटा शेजारी आणण्याचं. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट व्यक्तिचित्रांत पुष्कळदा चेहऱ्याच्या उजळ बाजूमागे गडद आणि सावलीच्या बाजूमागे किंचित उजळ पार्श्वभूमी ठेवतो. नातीच्या फोटोतही डोक्यामागची भिंत मूळचीच राहू द्यावी आणि गडदपणा खांद्यांच्या खाली, लांबच्या कोपऱ्याकडे न्यावा. तिथे रंग कमी करण्यानेच जास्त साधतं. Saturation उणे 15 केलं की उजेडाला धक्का न लावता भिंत मागे सरकते.

काम झालं की लगेच पाठवू नये. तासभर डोळे त्याच फोटोवर राहिले की गडदपणा अंगवळणी पडतो आणि आपण आणखी गडद करत जातो. दुसऱ्या दिवशी उघडून आधी फोटो आगपेटीएवढा छोटा करून पाहावा. छोट्या आकारात आजी चटकन कळल्या पाहिजेत आणि कोपऱ्यात काळेपणा जाणवता कामा नये. मग फोटो आडवा उलटा करावा. डावं-उजवं बदललं की सवय मोडते आणि एखादा डाग, एखादी प्रभावळ लगेच डोळ्यांत भरते. ज्याने मूळ फोटो पाहिलेला नाही अशा कुणाला दाखवून नुसतं विचारावं, काय दिसतंय? त्याने आजींच्या चेहऱ्याबद्दल, साडीबद्दल काही म्हटलं तर ठीक. मागे काय केलंय असं विचारलं तर सगळे आकडे एक तृतीयांशाने कमी करावेत.

प्रिंट काढायची असेल तर आणखी एक हिशोब आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद खोलीतल्या उजेडावर दिसतो. त्यामुळे पडद्यावर छान वाटणारा गडदपणा कागदावर जडच उतरतो. 12 बाय 18 ची मोठी प्रिंट टाकण्याआधी त्याच स्टुडिओतून त्याच प्रकारच्या कागदावर एक 4 बाय 6 काढून घ्यावी आणि जिथे फ्रेम लागणार आहे त्या भिंतीपाशी धरून पाहावी. उजवा कोपरा काळवंडलेला वाटला तर ग्रेडियंट उणे 0.40 वरून उणे 0.25 वर आणावा. चेहऱ्याला हात लावू नये.

आणि आजींचा आणखी एखादा फोटो काढायची संधी असेल तर यातलं पुष्कळसं काम खुर्ची हलवूनच होतं. खुर्ची भिंतीपासून उचलून दाराकडे दोन मीटर पुढे आणायची. दार जवळ आल्याने चेहऱ्यावर उजेड वाढतो, कॅमेरा त्यानुसार एक्स्पोजर कमी करतो आणि भिंत आपोआप मंद होते. ती आता लांब असल्याने मऊही होते, खऱ्या लेन्सने, केसांच्या प्रत्येक टोकाला सांभाळून. एडिटमध्ये ग्रेडियंट ओढताना आपण जे करत होतो ते हेच होतं. म्हणून मास्क कुठे गडद करावा असा प्रश्न पडला की एकच ताळा करून पाहावा: आजी भिंतीपासून आणखी दोन मीटर पुढे बसल्या असत्या तर इथे किती उजेड पोचला असता? त्या उत्तरापेक्षा जास्त काळं करायचं नाही.